अनुभव धागा: कमी पगाराचा पक्का पार्टटाइम की ॲपवरची कामं? हातात नक्की किती उरतं?

बहिणीला डोंबिवलीत घराजवळच्या दवाखान्यात रिसेप्शनवर चार तासांचं काम मिळतंय, महिना ९,०००. दुसरीकडे ॲपवरून पार्लरची घरगुती कामं, त्यात म्हणे २४,००० सुटतात. ज्यांनी केलंय त्यांनी खरा हिशोब सांगा प्लीज.

मोगरा: पार्लरचंच करते, ठाण्यात. २४,००० हा बिलाचा आकडा झाला गं, सुटतात कुठले. माझं ॲप २५ टक्के कापतं, म्हणजे १८,०००. वॅक्स, फेशियल किट, डिस्पोजेबल वगैरे कंपनीचंच घ्यावं लागतं ते ३,००० आणि सामानाची बॅग घेऊन ट्रेनमध्ये चढता येत नाही म्हणून रिक्षा, तिचे साडेतीन. उरले ११,५००, तेही लग्नसराईत. पितृपक्षात फोन वाजतच नाही, गेल्या वर्षी त्या महिन्यात पाच हजारपण पडले नाहीत. आणि तास मोजताना घोडबंदरचं एक काम संपवून पुढच्या बुकिंगपर्यंत सोसायटीच्या गेटवर बसून राहतो ना, तेही धर. वॉचमन आत बसू देत नाही, टॉयलेट विचारायची सोय नाही. माझे कामाचे जेवढे तास तेवढेच जवळपास असे जातात.

रायडर_कल्याण: डिलिव्हरीत असं नाही, पेट्रोल सोडलं तर सगळं आपलंच. पार्टटाइमवाल्यांना तर ईएसआय पण नसतं, मग ९,००० साठी कशाला बांधून घ्यायचं

सुनीलकाका: पेट्रोल सोडलं तर? टायर, चेन, ऑइल कोण भरतं रे, सासरे? ईएसआयचं पण चुकतंय. मी पगारपत्रकं करायचो. पार्टटाइम म्हणून कुणी वगळलं जात नाही, पगार २१,००० च्या आत हवा आणि जागेवर किमान दहा माणसं हवीत. ९,००० वर हिचे जेमतेम ६८ रुपये कापले जातील, मालक वरचे सव्वातीन टक्के भरतो. त्यात घरच्यांचे उपचार येतात, आजारपणात काही अटींवर ७० टक्के पगारही मिळतो. पण छोट्या दवाखान्यात दहा माणसं असतात का, ते आधी विचारा.

नेहा_ट्रान्सलेशन: मी घरूनच भाषांतर करते त्यामुळे प्रवासाचा प्रश्न येत नाही, पण पैसे दोन-दोन महिने अडकतात. कुणाकडे चांगले क्लायंट आहेत का?

मोगरा: नेहा, वेगळा धागा काढ 😀

धागाकर्ती: दवाखान्यात डॉक्टर धरून सहाच जण आहेत. म्हणजे ईएसआय नाहीच. पण चालत दहा मिनिटं आणि दुपारी एकला घरी. संध्याकाळी ओळखीतल्या बायकांची कामं ॲपशिवाय घेतली तर?

मोगरा: घे, पण ॲपच्या कस्टमरला बाहेरून घेऊ नकोस, आयडी ब्लॉक करतात. बिल्डिंगमधल्यांचं चालतं, फक्त उधारी ठेवतात.

रायडर_कल्याण: काका टायरचं मान्य. तरी महिनाअखेरीची वाट बघण्यापेक्षा दर आठवड्याला पैसे येतात ते मला बरं पडतं