युरिक ॲसिडचा रिपोर्ट मायक्रोमोलमध्ये कसा करायचा? मदत हवी आहे

बाबा पुण्याहून आमच्याकडे इंग्लंडला आलेत, तिकडच्या रिपोर्टमध्ये युरिक ॲसिड 8.2 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आहे आणि इथल्या जीपीच्या फॉर्मवर मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये भरायचंय. औषधाचा प्रश्न नाहीये, तो डॉक्टर बघतील, फक्त आकडा हवाय.

मी असं केलं: लिटरला 82 मिलिग्रॅम, त्याला युरिक ॲसिडच्या मोलर मास 168.11 ने भागलं तर 0.488 मिलिमोल, म्हणजे 488 मायक्रोमोल. थोडक्यात 59.48 ने गुणायचं. पण एका चार्टवर 88.4 ने गुणायला सांगितलंय, त्याने थेट 725 येतात! तो फॅक्टर क्रिएटिनिनचा असतो ना? आणि गाउटचं 360 चं टार्गेट म्हणजे आपलं 6 च का, कारण माझ्या हिशोबाने 357 येतात, की तिथे नुसतं राउंड केलंय?