मदत हवी आहे: दर वाढवला की लांबच्या वर्षाचे पैसे एवढे का आटतात?

मांजराकाठ: उद्या प्रोजेक्ट द्यायचाय, लवकर सांगा. केशर आंब्याची बाग आहे. सरांनी हजेरीच्या कागदामागं चिठ्ठी लिहून दिली, ती अशी:

"बाळा, 20 वर्षांनी मिळणारे एक लाख आज कितीचे? आज जेवढे ठेवले की तेव्हा लाख होतील, तेवढ्याचे. पैसा 8 टक्क्यांनी वाढत असेल तर 21,455 ठेवावे लागतात. 12 नं वाढत असेल तर 10,367 मध्ये भागतं. पहिल्याच वर्षी येणाऱ्या लाखाचे मात्र 92,593 ऐवजी 89,286 होतात, एवढंच. 8 चा दर 12 केला की वर्षाला साडेतीन टक्क्यांची जादा कात्री लागते. जवळच्या पैशाला ती एकदा लागते, लांबच्याला वीसदा, आणि दरवेळी उरलेल्यावर."

वाचलं, पण माझं उत्तर जुळंना.

कोरडवाहू: तुझं उत्तर किती आलं ते कोण सांगणार?

गोदातीर: सोपंय. महागाई. वीस वर्षांनी लाखाला कोण विचारतंय?

जमाखर्च: अर्धंच बरोबर. महागाई शून्य धरली तरी आज हातात आलेला पैसा कामाला लावता येतोच की. वर जोखीम आहेच. महागाई हा दरातला एक तुकडा.

गोदातीर: आमच्या गावात तोच मोठा तुकडा आहे, साहेब.

कोरडवाहू: बागेचं मी सांगतो. दोन एकर लावली, तिसऱ्या उन्हाळ्यात विहीर आटली, टँकरनं झाडं जगवली. वीस वर्षांचे हिशोब कसले करता?

मांजराकाठ: काका, झाडं नाही विचारली. 29,412 आलं. हे टाकलंय:

```
=100000/(1+12%*20)
```

जमाखर्च: हे सरळव्याज झालं, व्याजावर व्याज धरलंच नाहीस. असं टाक:

```
=100000/(1+12%)^20
```

तुझ्या पद्धतीनं 8 टक्क्यांना 38,462 येतात, म्हणजे दर वाढवून चौथाईच्या आसपासच घट दिसते. सरांच्या आकड्यात निम्म्याहून जास्त. पहिल्या वर्षाला दोन्ही सूत्रं एकच उत्तर देतात, म्हणून चूक तिथं दिसत नाही. दुसऱ्या वर्षापासून ताडून बघ.

मांजराकाठ: 10,367 आलं!! पण आता पूर्ण बागच तोट्यात दाखवायली.

जमाखर्च: आंब्याचा भाव दरवर्षी वाढवलास का?

मांजराकाठ: नाही, सगळीकडं आजचाच.

जमाखर्च: मग 12 मध्ये महागाई धरलेली आहे का ते सरांना विचार. भाव आजचाच आणि दर महागाईसकट, असं असेल तर लांबच्या वर्षांवर उगाच दुहेरी मार बसतो.

गोदातीर: बघा, शेवटी महागाईवरच आलात ना.

जमाखर्च: महागाई काढली तरी कात्री राहतेच, फक्त बारीक होते.

कोरडवाहू: सर फोन उचलतील तोवर एवढं सांग, ठिबक खर्चात धरलंस का?