शब्दचर्चा: संशोधनातली ‘त्रुटी’, ‘उणीव’ की ‘पोकळी’? आणि त्यानंतरची ‘उद्दिष्टे’

पाटीपेन्सिल
शिक्षणशास्त्रातला प्रबंध मराठीत लिहिते आहे. विषय आहे पाचवीच्या मुलांच्या गणितातली शाब्दिक उदाहरणं. पहिल्या प्रकरणातला एक परिच्छेद मार्गदर्शकांनी परत पाठवला आहे. तो असा:

‘प्रस्तुत संशोधनाची उद्दिष्टे शाब्दिक उदाहरणांतील अडचणींचा अभ्यास करणे व उपाय सुचवणे ही आहेत. गणित हा विषय जीवनात अत्यंत महत्त्वाचा आहे. अनेक संशोधकांनी शाब्दिक उदाहरणांवर काम केले आहे, परंतु त्यांत अनेक त्रुटी आहेत. मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांवर फारसे संशोधन झालेले नाही. म्हणून सदर विषयाची निवड करण्यात आली.’

समासात शेरा आहे: ‘त्रुटी कोणती? उद्दिष्टे कशातून आली?’ मला वाटतं शब्द चुकलाय. ‘त्रुटी’ऐवजी ‘उणीव’ की ‘पोकळी’? आणि ‘उद्देश’ लिहायचं की ‘उद्दिष्ट’?

जुना बाक
प्रस्तावनेत एवढं काटेकोर असायची गरज नाही, ताई. विषय कसा सुचला, कोणाची मदत झाली, हे मोकळेपणाने लिहावं. उद्दिष्टं आतल्या प्रकरणांत येतातच.

अनुस्वार
जुना बाक, तुम्ही मनोगताबद्दल बोलताय. त्या पहिल्या प्रकरणाच्या प्रास्ताविकाबद्दल विचारतायत. ऋणनिर्देश तिथे येत नाही.

आता शब्दांकडे. ‘त्रुटी’ म्हणजे केलेल्या कामातला दोष. ‘उणीव’ म्हणजे हवं ते कमी असणं. ‘पोकळी’ म्हणजे काहीच नसणं. तुम्ही ‘त्रुटी’ लिहिलंत की आधीच्या संशोधकांनी चूक केली असा आरोप होतो, आणि मग ती चूक दाखवावी लागते. शेरा त्यामुळेच आला असणार. ‘उणीव’ लिहा.

‘उद्देश’ आणि ‘उद्दिष्ट’ यांतही फरक आहे. उद्देश एकच असतो, व्यापक असतो. उद्दिष्टं अनेक असतात आणि ती मोजता येतात. हा नियम पाळलात तर क्रम आपोआप लागेल.

मार्गदर्शिका
अनुस्वार यांचं ‘त्रुटी’बद्दलचं म्हणणं पटतं. ‘उद्देश-उद्दिष्ट’ हा भेद मात्र ते सांगतात तितका पक्का नाही. दोन्ही शब्द एकाच ‘दिश्’ धातूपासून आलेत आणि विद्यापीठांच्या आराखड्यांत ते अदलाबदलीने सापडतात. तुमच्या आराखड्यात जो असेल तो घ्या. एका प्रबंधात दोन्ही मिसळू नका, एवढं पुरे.

पण ताई, नुसता शब्द बदलून हा परिच्छेद सुधारणार नाही. तुमच्या उद्दिष्टांचं वाक्य झाकून ठेवा आणि उरलेलं एखाद्या त्रयस्थाला वाचायला द्या. त्यावरून तुम्ही नेमकं काय तपासणार आहात हे त्याला ओळखता आलं पाहिजे. आत्ता तो मुलांची गणिताची भीती, शिक्षकांचं प्रशिक्षण, पाठ्यपुस्तक, काहीही सांगू शकेल, कारण उणिवेतून तुमच्या उद्दिष्टांकडे जाणारी वाटच तिथे नाही. ‘म्हणून’ हा शब्द आहे, पण त्याच्या आधी कारण नाही.

‘मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांवर संशोधन झालेले नाही’ ही अजून उणीव झालेली नाही. जगात कशावर तरी संशोधन झालेलं नसतंच. मराठीतून शिकणाऱ्या मुलांचं उत्तर वेगळं येईल असं तुम्हाला का वाटतं, ते सांगितलंत की ती उणीव होईल. तुमच्या चाचणीतलं एखादं उदाहरण इथे देता का?

पाटीपेन्सिल
चाचणीत दोन प्रकार आहेत.

पहिला: राजूकडे ८ पेन्सिली आहेत. मीनाकडे राजूपेक्षा ४ जास्त आहेत. मीनाकडे किती?
दुसरा: मीनाकडे १२ पेन्सिली आहेत. तिच्याकडे राजूपेक्षा ४ जास्त आहेत. राजूकडे किती?

दुसऱ्यात बरीच मुलं १६ लिहितात. ‘जास्त’ दिसलं की बेरीज करतात.

मार्गदर्शिका
मग तुमचा खरा विषय हा आहे, आणि परिच्छेदात त्याचा मागमूसही नाही!

दुसऱ्या उदाहरणात शब्द बेरजेकडे नेतो आणि करायची असते वजाबाकी. हा परिणाम इतर भाषांतल्या, मुख्यतः इंग्रजीतल्या अभ्यासांत नोंदलेला आहे, म्हणजे ‘माहीत असलेलं’ तुमच्यापाशी आहे. आता मराठीकडे बघा. ‘राजूपेक्षा ४ जास्त’ यात कोणाशी तुलना ते आधी येतं, मग संख्या, आणि ‘जास्त’ शेवटी. इंग्रजीत ‘जास्त’साठीचा शब्द आधी येतो आणि तुलना कोणाशी ते नंतर कळतं. मग मराठीतलं मूल त्याच जागी अडखळतं का, तेवढंच अडखळतं का? हे माहीत नसेल तर ती उणीव. त्यातून पुढे काय तपासायचं तेही कळतं.

आणि ‘संशोधन झालेले नाही’ असं ठाम लिहू नका. ‘आढावा घेतलेल्या अभ्यासांत ही मांडणी तपासलेली आढळली नाही’ एवढंच लिहा. पहिलं विधान एका विसरलेल्या प्रबंधाने खोटं ठरतं.

रसायन वही
माझ्या प्रबंधात उणीव नव्हतीच. आधीच्या गटाने एक उत्प्रेरक बनवला होता, मी तो जास्त तापमानाला टिकतो का ते पाहिलं. तरी आराखड्यात ‘संशोधनातील उणीव’ हे शीर्षक होतं म्हणून मी ओढूनताणून एक लिहिली. परीक्षकांनी मौखिकीत तीच धरली. उणीव नसेल तर काय लिहायचं?

मार्गदर्शिका
चांगला मुद्दा. जॉन स्वेल्स यांनी १९९० मध्ये शोधनिबंधांच्या प्रास्ताविकांची जी मांडणी केली, तिच्यात तीन पावलं आहेत: क्षेत्र उभं करायचं, त्यात आपल्यासाठी जागा दाखवायची, आणि ती जागा व्यापायची. दुसऱ्या पावलाला त्यांनी चार वाटा दिल्या. उणीव दाखवणं ही त्यांतली एक. आधीच्या निष्कर्षाला आव्हान देणं, प्रश्न उपस्थित करणं आणि चालत आलेलं काम पुढे नेणं, या बाकीच्या तीन. तुमची वाट चौथी होती. ‘हा उत्प्रेरक अमुक तापमानापर्यंत तपासला गेला आहे, त्यापुढचं वर्तन पाहणे हा पुढचा टप्पा’ असं सरळ लिहिलं असतं तर चाललं असतं.

अनुस्वार
मग ‘उणीव’पेक्षा ‘जागा’ हा शब्दच बरा नाही का? त्यात चारही वाटा मावतात.

मार्गदर्शिका
बोलताना बरा आहे. शीर्षक म्हणून परीक्षकाला नीट लागेल का, याबद्दल मी साशंक आहे.

पाटीपेन्सिल, आता उद्दिष्टं. ‘अभ्यास करणे’ काढून टाका. अभ्यास तर सगळा प्रबंधच आहे. काय कराल तेच क्रियापद लिहा: तुलना करणे, वर्गीकरण करणे, संबंध तपासणे. प्रत्येक उद्दिष्टासमोर ते कोणत्या साधनाने आणि कोणत्या आकड्यावरून पुरं होईल हे पेन्सिलीने लिहून पाहा. जिथे लिहिता येणार नाही, ते उद्दिष्ट हवेत आहे.

पाटीपेन्सिल
करून पाहिलं. असं झालंय:
(१) उलट मांडणीच्या, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या, उदाहरणांत जास्त चुका होतात हे सिद्ध करणे.
(२) चुकांचे वर्गीकरण करणे.
(३) वाचन-आकलनाशी संबंध तपासणे.
(४) उपाय सुचवणे.
चौथ्यासमोर साधन सापडलं नाही.

मार्गदर्शिका
पहिलं उद्दिष्ट नाही, ती परिकल्पना आहे. चुका जास्त झाल्या नाहीत तर तुमचं उद्दिष्ट फसलं असं होईल, आणि तसं होता कामा नये. ‘सरळ व उलट मांडणीतील चुकांच्या प्रमाणाची तुलना करणे’ असं लिहा. निकाल कुठल्याही बाजूला गेला तरी ते पुरं होतं. ‘जास्त होतात’ हे परिकल्पनेच्या शीर्षकाखाली जाऊ द्या.

दुसऱ्यात कशाचं वर्गीकरण, ते सांगा. १२ आणि ४ वरून १६ लिहिणारं मूल क्रिया निवडताना चुकलं. ७ लिहिणाऱ्याने बहुधा वजाबाकीच निवडली, पण आकडेमोड चुकली. भाषेमुळे चूक होते असं तुम्हाला म्हणायचं असेल तर पहिल्या जातीच्या चुका वेगळ्या काढाव्याच लागतील. म्हणून हे पहिल्याच्या नंतर आणि तिसऱ्याच्या आधी. वाचन-आकलनाचा संबंध सगळ्या चुकांशी जोडलात तर आकडेमोडीच्या चुका त्यात मिसळून चित्र गढूळ होईल.

चौथं काढा. उपाय शेवटच्या प्रकरणात शिफारशी म्हणून येतील. पूर्वचाचणी, उत्तरचाचणी आणि नियंत्रित गट घेऊन एखादी पद्धत तपासणार असाल तरच ते उद्दिष्ट.

जुना बाक
आमच्या वेळी उपाय सुचवणं हे उद्दिष्टांत असायचंच. नसेल तर परीक्षक विचारतील, संशोधनाचा उपयोग काय.

मार्गदर्शिका
तो प्रश्न ‘संशोधनाचे महत्त्व’ या शीर्षकाखाली सुटतो. ते शीर्षक उद्दिष्टांच्या आधी ठेवायचं की नंतर, यावर मात्र एकमत नाही. मला नंतर बरं वाटतं, कारण काय करणार हे कळल्यावरच त्याचं महत्त्व सांगता येतं. बऱ्याच आराखड्यांत ते आधी असतं.

पाटीपेन्सिल
आमच्या आराखड्यात आधीच आहे, आणि बदलता येत नाही. नवा परिच्छेद ‘संशोधनाची गरज’मध्ये टाकतेय:

‘तुलनेवर आधारित शाब्दिक उदाहरणांत, ‘जास्त’ हा शब्द असूनही वजाबाकी करावी लागते तेव्हा विद्यार्थी अधिक चुकतात, असे इतर भाषांतील अभ्यासांत दिसून आले आहे. मराठीत तुलनेचा आधार वाक्यात आधी येतो आणि ‘जास्त’ वा ‘कमी’ हा शब्द संख्येनंतर येतो. या शब्दक्रमात विद्यार्थी तसेच चुकतात का, हे आढावा घेतलेल्या अभ्यासांत तपासलेले आढळले नाही. हे स्पष्ट नसल्याने चूक वाचनातील आहे की गणितातील हे शिक्षकाला ठरवता येत नाही. म्हणून प्रस्तुत संशोधनात दोन्ही मांडणींतील चुकांची तुलना केली आहे, उलट मांडणीतील चुका क्रियेच्या निवडीतील व आकडेमोडीतील अशा वेगळ्या केल्या आहेत, आणि क्रियेच्या निवडीतील चुकांचा वाचन-आकलनाशी संबंध तपासला आहे.’

‘उणीव’ हा शब्द कुठेच आला नाही. चालेल?

अनुस्वार
चालेल. ‘आढळले नाही’ यातच ती आली. मात्र ‘तुलनेचा आधार वाक्यात आधी येतो’ हे तपासा. ‘४ जास्त आहेत राजूपेक्षा’ असंही मुलं बोलतात.

मार्गदर्शिका
बोलतात खरं. चाचणीतली सगळी वाक्यं एकाच शब्दक्रमात आहेत का, पाटीपेन्सिल? असतील तर ती परिमर्यादा म्हणून नोंदवा, आणि परिच्छेदात ‘मराठीत’ऐवजी ‘मराठीतील रूढ लेखी वाक्यरचनेत’ करा.

पाटीपेन्सिल
चाचणीतली दोन वाक्यं ‘४ जास्त आहेत राजूपेक्षा’ अशा शब्दक्रमात आहेत. ती काढायची की तिसरा प्रकार म्हणून ठेवायची, हे उद्या मार्गदर्शकांना विचारते.