धाकट्या भावाची वकिलामार्फत नोटीस आली आहे, घरात निम्मा हिस्सा मागितलाय. उत्तरात काय लिहावं, काय लिहू नये?

मोंढारोड
मी अंबाजोगाईचा. आम्ही तीन भावंडं: थोरली ताई परभणीला, मी इथे आईजवळ, धाकटा वीस वर्षांपासून पुण्यात. वडील जिल्हा परिषदेचे शिक्षक होते, 2019 ला गेले. मागच्या आठवड्यात धाकट्याची नोटीस आली. घर वडिलोपार्जित आहे, गावाकडची दोन एकर विकून त्या पैशातून बांधलंय, म्हणून पंधरा दिवसांत निम्मा हिस्सा सरस-निरस मानाने वाटून द्या, नाहीतर दिवाणी दावा लावू, असं लिहिलंय.

आमचे वकील साहेब म्हणाले, आधी तुमच्या शब्दांत लिहून आणा. मी रात्री बसून हे लिहिलं:

"तुझा हिस्सा तुला 2016 लाच सात लाख रुपये देऊन दिलेला आहे. तू 100 रुपयांच्या बाँडवर तसं लिहून दिलं आहेस. आणि कायद्याने धरलं तरी आई, ताई, तू आणि मी असे चार वारस, म्हणजे तुझा जास्तीत जास्त चौथा हिस्सा निघतो. वीस वर्षांत घराचा पत्रा बदलायलाही तू आला नाहीस. आई-वडिलांचं दुखणं-खुपणं मी केलं."

एवढं पुरे आहे का? सात लाखांसाठी मी सोसायटीचं कर्ज काढलं होतं, ते मागच्या वर्षी फिटलं. वडिलांनी 2012 ला आईच्या नावे काहीतरी रजिस्ट्री केली होती, तिचा कागद आईच्या ट्रंकेत आहे. तो लागेल का?

गोदाकाठ
दादा, काळजी करू नका. नोटीशीला उत्तर दिलंच पाहिजे असा कायदा नाही. माझ्या चुलत्यांनी दिलं नव्हतं, काही झालं नाही. आणि वीस वर्षं ताबा तुमचा, बारा वर्षांचा नियम आहे. भावाची मुदत कधीच संपली.

नोटरीचौक
मी एकतीस वर्षं दिवाणी कोर्टात लिपिक होतो, वकील नाही. पण अशा दाव्यांच्या फाइली रोज हातातून गेल्यात, म्हणून कळकळीने सांगतो: तुमचा मसुदा जसाच्या तसा पाठवू नका. त्यातलं पहिलंच वाक्य भावाच्या वकिलाला हवं आहे.

"तुझा हिस्सा दिला" असं लिहिलं की हिस्सा होता हे तुम्हीच कबूल केलं. मग कोर्टापुढे एवढाच प्रश्न उरतो की तो खरंच दिला का, आणि दिल्याचा पुरावा तुमचा तो नोंदणी नसलेला बाँड. "जास्तीत जास्त चौथा" हीसुद्धा कबुलीच. नोटीशीचं उत्तर दाव्यात दाखल होतं, त्यावर निशाणी पडते, आणि उलटतपासणीत हेच वाक्य तुमच्यापुढे धरून विचारतात, "हे तुमच्याच सांगण्यावरून लिहिलं ना?"

गोदाकाठ म्हणतात ते अर्धं खरं आहे. उत्तर न दिल्याने दावा हरत नाही. पण पुढे तुम्ही जे मांडाल ते नंतर रचलेलं आहे, असं म्हणायला समोरच्याला जागा मिळते. बारा वर्षांचं मात्र अजिबात लिहू नका. सहहिस्सेदारांत एकाचा ताबा हा सगळ्यांचाच ताबा धरतात. भावाला घराबाहेर काढून त्याचा हक्क उघड नाकारला होता, हे सिद्ध करावं लागतं. शिवाय तो मुद्दा घेतला की तो सहहिस्सेदार आहे हे आधी मान्य केल्यासारखं होतं.

आता ट्रंकेतला कागद काढा. खरं उत्तर तिथेच असणार. वर ठळक अक्षरांत काय लिहिलंय, साक्षीदार कोण आहेत, आणि आईची सही किंवा अंगठा आहे का, एवढं सांगा.

मोंढारोड
काढला. "बक्षीसपत्र" लिहिलंय, नोंदणी झालेलं आहे. संपूर्ण घर आईला. आईची सही आहे. आणि साक्षीदार क्रमांक दोन म्हणून धाकट्याचीच सही आहे. मी तर विसरूनच गेलो होतो. तेव्हा तो दिवाळीला आला होता आणि वडील आम्हा सगळ्यांना गाडीत घालून घेऊन गेले होते.

गोदाकाठ
मग संपलंच की! स्वतः साक्षीदार, आता तोंड उघडायला जागा नाही.

तेरणातीर
पण नगरपरिषदेला नोंद कोणाच्या नावाने आहे? नोंद झाली नसेल तर बक्षीस अपुरं राहतं म्हणतात.

आमचंही असंच अडकलंय, म्हणून विचारते. आमचं गाव 1993 च्या भूकंपानंतर नव्या जागी वसलं. घर सासऱ्यांच्या नावाने मिळालं, आणि जुन्या गावठाणातला वाडा आजेसासऱ्यांचा होता. आता दीर म्हणतात, जुन्या वाड्याच्या बदल्यात मिळालं म्हणून हेही वडिलोपार्जित. असं होतं का?

नोटरीचौक
तेरणातीर ताई, तुमच्याकडे घराचा कबाला असेल, त्यात घर कोणाला आणि कशाबद्दल दिलं ते बघा. त्यावर बरंच अवलंबून आहे. वेगळा धागा काढा, इथे दोन्हींची सरमिसळ होईल. नोंदीचं म्हणाल तर नगरपरिषदेची नोंद कर वसूल करण्यासाठी असते, मालकी तिने ठरत नाही. बक्षीसपत्राला नोंदणी, दोन साक्षीदार आणि देणाऱ्याच्या हयातीत घेणाऱ्याने केलेला स्वीकार लागतो. तिन्ही दिसतायत.

दादा, आता चित्र पालटलं बघा. वडील घर स्वतःच्या नावावर ठेवून, मृत्युपत्र न करता गेले असते, तर घर स्वकष्टाचं असूनही भावाला चौथा हिस्सा मिळालाच असता. "स्वकष्टार्जित" या एका शब्दाने वारसाचा हक्क जात नाही, आणि इथे बरेच लोक फसतात. पण वडील गेले तेव्हा घर त्यांचं नव्हतंच, सात वर्षं आधीच आईचं झालं होतं. आई हयात आहे, आणि तिच्या हयातीत तिच्या घरात कोणाही लेकराचा हिस्सा नाही. धाकट्याचा नाही, ताईचा नाही आणि तुमचाही नाही. म्हणून उत्तर एकट्या तुमच्या नावाने नको. आई मालक आहे, उत्तर तिचं जावं, तुम्ही दुसरे.

भावाच्या वकिलापुढे मग एकच वाट राहते. घर वडिलोपार्जित पैशातून झालं असेल तर वडिलांना ते सगळं बक्षीस देण्याचा अधिकारच नव्हता, असं ते म्हणतील. शेत विकल्याचा मुद्दा त्याचसाठी आलाय. प्लॉट कधी घेतला, शेत कधी विकलं?

भावाची साक्षीदार म्हणून सही चांगली आहे, पण तेवढ्याने सगळं संपत नाही. साक्षीदार सहीची साक्ष देतो, आतला मजकूर त्याला मान्य आहे असं नुसत्या सहीवरून धरत नाहीत. मात्र 2012 पासून त्याला हे माहीत होतं, असं म्हणायला त्यातून जागा मिळते. आजवर त्याने बक्षीसपत्राला आव्हान दिलं नाही, हे उत्तरात लिहा.

मोंढारोड
प्लॉटचं खरेदीखत मार्च 1984 चं, वडिलांच्या एकट्याच्या नावे. शेत 1987 ला विकलं, ताईच्या लग्नासाठी. बांधकाम 1988 ला सुरू झालं.

नोटरीचौक
म्हणजे प्लॉटला शेताचा पैसा लागणं शक्यच नाही. शेत तीन वर्षांनी विकलं. शेताच्या फेरफाराची नक्कल तलाठ्याकडून घ्या, तारखा शेजारी शेजारी ठेवा.

बांधकाम मात्र नाजूक आहे. शेत विकल्यावर वर्षभरात भिंती उभ्या राहिल्या, कोणीही बोट ठेवेल. वडिलांनी भविष्य निर्वाह निधीतून काही उचल केली होती का? सेवापुस्तकाची प्रत किंवा मंजुरीचा आदेश घरात असेल.

पाटोदेकर_वकील
बीड जिल्ह्यात वकिली करते. नोटरीचौक काकांशी बहुतेक सहमत आहे. तुमच्या वकील साहेबांना हा साचा दाखवा, शेवटचा शब्द त्यांचा:

"नोटीशीतील परिच्छेद 2 मधील मजकूर खरा नसून आमच्या अशिलांना नाकबूल आहे. सदर मिळकत वडिलोपार्जित अथवा एकत्र कुटुंबाची कधीही नव्हती व नाही. खरी वस्तुस्थिती अशी की, सदर मिळकतीचा प्लॉट आमचे अशील क्रमांक 1 यांचे मयत पती यांनी सन 1984 मध्ये नोंदणीकृत खरेदीखताने स्वतःच्या उत्पन्नातून खरेदी केला. नोटीशीत नमूद शेतजमीन त्यानंतर सन 1987 मध्ये विकली गेली. मयत पती यांनी सन 2012 मध्ये नोंदणीकृत बक्षीसपत्राने सदर मिळकत अशील क्रमांक 1 यांना दिली व त्यांनी ती स्वीकारली. आपले अशील सदर बक्षीसपत्रावर साक्षीदार असून त्यांना ही बाब तेव्हापासून माहीत आहे. सबब सदर मिळकतीत आपल्या अशिलाचा कोणताही हिस्सा नाही व नव्हता."

प्रत्येक परिच्छेदाला वेगळं उत्तर द्या. नातं, वडिलांचा मृत्यू, घराचा पत्ता या खऱ्या गोष्टी मान्य करा. सरसकट सगळं नाकारलं की खरं नाकारणंही हलकं पडतं. पत्रा आणि दुखणं-खुपणं काढून टाका. ते तुमच्या मनाला लागलंय, मला कळतं, पण त्याने मालकी ठरत नाही. पोस्टाची पावती आणि पोचपावती जपून ठेवा.

बाँडवर माझं मत वेगळं आहे. 2016 ला घर आईचं होतं, मग भावाने सोडला तरी कोणता हक्क? पुढे कधीतरी मिळेल अशा वारसाहक्काची आशा कागदावर सोडता येत नाही, आणि घरावरचा खरा हक्क सोडायला नोंदणी लागते. म्हणून मी बाँड या उत्तरात आणणार नाही. "इतर कागदपत्रांबाबतचे सर्व हक्क अबाधित ठेवून" एवढंच लिहीन.

नोटरीचौक
ताई, मी तो लपवणार नाही. "हिस्सा" शब्द टाळून, "सन 2016 मध्ये आपल्या अशिलाने सात लाख रुपये स्वीकारले" एवढं तरी यावं. पुढे दाव्यात पहिल्यांदा काढला तर आत्ताच का, असं विचारतील.

पाटोदेकर_वकील
"कशापोटी स्वीकारले?" हा प्रश्न लगेच येईल, काका. त्याचं उत्तर बाँडमध्येच लिहिलंय आणि तिथे "हिस्सा" हाच शब्द असणार.

मोंढारोड
बाँड पाहिला. "माझ्या हिश्श्यापोटी" असंच लिहिलंय. वकील साहेबही विचारात पडलेत, सोमवारी ठरवू म्हणाले.

वडिलांच्या जुन्या पिशवीत, पेन्शनच्या कागदांखाली, निधीतून 18,000 रुपये मंजूर झाल्याचा 1988 चा आदेश सापडला. कारण "घरबांधणी". कडा उंदरांनी कुरतडल्यात, पण सही-शिक्का शाबूत आहे. एवढ्यात सगळं बांधकाम झालं नसणार, बाकीचं कुठून आलं ते आईलाही नीट आठवत नाही. ताईने फोनवर सांगितलं, शेताचे सगळे पैसे तिच्या लग्नात गेले असं लिहून द्यायला ती तयार आहे.

आईला मसुदा वाचून दाखवला. वकील साहेबांनी एके ठिकाणी "खोटा व खोडसाळ" घातलं होतं. आई म्हणाली, "खोटं म्हणा, खोडसाळ नका म्हणू. लेकरू आहे माझं." तो शब्द काढला. शेवटी तिच्या सांगण्यावरून एक ओळ घातली: "आपले अशील हे अशील क्रमांक 1 यांचे पुत्र असून त्यांना सदर घरी येण्या-जाण्यास कधीही मनाई केलेली नव्हती व नाही."

पाटोदेकर ताई, ही ओळ राहिली तर चालेल ना? नोटीशीच्या मुदतीचे चार दिवस उरलेत.

पाटोदेकर_वकील
राहू द्या. फक्त "येण्या-जाण्यास" च्या आधी "मुलगा या नात्याने" घाला, म्हणजे ताब्याची कबुली म्हणून कोणी वाचणार नाही.