मदत हवी आहे: छातीचं मधलं हाड दाबलं की दुखतं, खोल श्वासाला चमक येते. हृदयाचं की बरगड्यांचं?

डोंबिवली_फास्ट
वय ४३, पुरुष. दोन आठवडे कोरडा खोकला होता, तो थांबून चार दिवस झाले. तेव्हापासून छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेला एका जागी टोचतं. खोल श्वास घेतला, शिंकलो, किंवा झोपेत कूस बदलली की चमक येते. बोटाने दाबलं की जीव कळवळतो. ताप नाही, धाप नाही. सिगरेट नाही, पण वडिलांची बायपास त्यांच्या ५२व्या वर्षी झाली होती. घरचे घाबरलेत. नेटवर कॉस्टोकाँड्रायटिस, म्हणजे बरगड्यांच्या कूर्चेची दुखरी सूज, हा शब्द सापडला. हेच आहे का, आणि हृदयाचं नाही हे कसं ओळखायचं?

सुमन_भांडुप
दादा, घाबरू नका. दाबल्यावर दुखतं म्हणजे हृदय नाहीच, हृदय काय बोटाला लागतं का? तरी शंका असेल तर जिभेखाली सॉर्बिट्रेटची गोळी ठेवा. आराम पडला तर हृदयाचं, नाही पडला तर स्नायूंचं.

विलेपार्ले_७४
मलाही छातीत होतं असं. जेवल्यावर जळजळ सुरू होते आणि आडवं झालं की वाढते. सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्रॅझोल घेतो, बरं वाटतं. तुम्हीही घेऊन बघा, ॲसिडिटीच असेल.

फिजिशियन_ठाणे
जळजळ आणि बोटाने दाखवता येणारी टोच या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, पार्लेकर. त्यांचं दुखणं जेवणाशी नाही, हालचालीशी बांधलेलं आहे.

सुमनताई, तुमचा पहिला मुद्दा अर्धा बरोबर आहे. सॉर्बिट्रेटचा मात्र धोक्याचा आहे. ती गोळी अन्ननलिकेचा पेटकाही सोडवते, त्यामुळे आराम पडला म्हणून हृदयाचं ठरत नाही. उलट हार्ट अटॅकचं दुखणं तिने जाईलच असंही नाही. शिवाय बीपी एकदम उतरून माणूस जागच्या जागी कोसळू शकतो. डॉक्टरांनी लिहून दिलेली नसेल तर घेऊ नये.

आता दाबून बघण्याबद्दल. बरगड्या मधल्या हाडाला थेट जोडलेल्या नसतात, मध्ये कूर्चेचा तुकडा असतो. खोकल्याच्या प्रत्येक ठसक्याला तो जोड ताणला जातो आणि दोन आठवड्यांत सुजल्यासारखा दुखरा होतो. त्रास बहुतेक वेळा दुसऱ्या ते पाचव्या बरगडीच्या जोडांत असतो. जागा अशी शोधा: गळ्याखालच्या खाचेतून बोट सरळ खाली सरकवा, चार-पाच सेंटीमीटरवर हाडावर आडवा उंचवटा लागेल. त्याच्या बाजूला दुसरी बरगडी. तिथून हाडाच्या कडेने एकेक बरगडी खाली उतरत, नख फिकट पडेल इतक्याच जोराने दाबा. उजवीकडेही तसंच करा. पुष्कळ लोकांना तिथे दाबलं की थोडं दुखतंच. म्हणून "दुखतं का" हा प्रश्न नाही. "रोज होतं ते हेच, याच जागी, याच जातीचं का" हा प्रश्न आहे.

आणि उत्तर "हो" आलं तरी त्यातून छातीची भिंत दुखते एवढंच सिद्ध होतं. हृदय ठीक आहे हे सिद्ध होत नाही. म्हणून मला दाबण्यापेक्षा चालण्यात जास्त रस आहे. जिने चढताना काय होतं?

डोंबिवली_फास्ट
डावीकडे, उंचवट्याच्या खालची बरगडी, म्हणजे तिसरी. हेच दुखणं, अगदी हेच. चौथीवर थोडं. उजवीकडे काही नाही.

जिन्याचं विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर लिहिलं नसतं. मंगळवारी दादरच्या पुलावर गर्दीत भराभर चढलो, तेव्हा छातीवर कोणी हात ठेवून दाबतंय असं वाटलं. टोचणं नव्हतं, जड झालं होतं. कठड्याला टेकून उभा राहिलो, दोन-तीन मिनिटांत गेलं. दमलो असेन म्हणून सोडून दिलं.

फिजिओ_मुलुंड
सॅक गर्दीत पुढे, छातीवर अडकवता का? आणि वरची कडी एकाच हाताने, डाव्याच, धरता का? लॅपटॉपच्या वजनाचा पट्टा बरोबर या जोडांवरून जातो, आणि हात वर ताणलेला असताना धक्का बसला की बरगडी आणखी ओढली जाते. खोकला थांबूनही दुखणं न थांबण्याचं हे कारण असू शकतं. सॅक हातात खाली धरा किंवा रॅकवर टाका, काही दिवस उजव्या हाताने खांब धरा. पुशअप आणि छातीचे ताण बंद. शेक दिवसातून दोन-तीनदा, १५ मिनिटं.

फिजिशियन_ठाणे
फिजिओंचं पटतं, तिसऱ्या बरगडीपुरतं. पण तुम्हाला दोन दुखणी आहेत आणि तुम्ही ती एकाच पिशवीत भरताय.

पहिलं टोचतं, बोटाने दाखवता येतं, श्वास आणि कूस यांवर चालतं. हे कॉस्टोकाँड्रायटिससारखं आहे. दुसरं जड आहे, तळव्याने दाखवावं लागतं, चढल्यावर आलं आणि थांबल्यावर दोन-तीन मिनिटांत गेलं. बरगडी पूल चढल्याने जड होत नाही आणि थांबल्याने बरी होत नाही. हे एन्जायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याचं दुखणं, असू शकतं, आणि या आठवड्यात पहिल्यांदाच आलं असेल तर ते सोमवारपर्यंत ठेवायचं नाही. आज जा, आणि तोवर पूल भराभर चढू नका.

डॉक्टरांना दोन्ही दुखणी वेगवेगळी सांगा. नुसतं "दाबलं की दुखतं" सांगितलंत तर मंगळवारची गोष्ट हरवेल. चूक नेमकी इथेच होते. दुखत नसताना काढलेला ईसीजी एन्जायनात अगदी नॉर्मल येऊ शकतो, म्हणून तो नॉर्मल आला की विषय संपला असं नाही. हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे सांगणारी रक्ततपासणी, ट्रोपोनिन, तीही बघतील, गरज वाटली तर काही तासांनी पुन्हा. टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी, स्वतःहून लॅबमध्ये जाऊन करू नका, आधी तपासणी होऊ द्या.

वाटेत जडपणा बसल्या जागी आला, घाम सुटला, जबड्यात किंवा हातात उतरला, तर ट्रेन किंवा बाईक नाही, १०८ला फोन. अचानक धाप लागली, थुंकीत रक्त आलं किंवा एका पोटरीला सूज आली तरीही तसंच, ते फुप्फुसातल्या गुठळीचं असू शकतं. खोल श्वासाला तीही टोचते.

सुमन_भांडुप
सॉर्बिट्रेटचं लक्षात आलं, आमच्याकडे सगळे पाकिटात ठेवतात. बरगडीसाठी आयबुप्रोफेन चालेल ना?

फिजिशियन_ठाणे
इतरांना जेवणानंतर ४०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, काही दिवस चालते. अल्सर, किडनीचा त्रास किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल तर नाही. पावसाळ्यात ताप असेल तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत नाही. यांनी मात्र हृदयाचा निकाल लागेपर्यंत ती टाळावी. पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम पुरे, दोन डोसांत सहा तासांचं अंतर.

डोंबिवली_फास्ट
जाऊन आलो. ईसीजी नॉर्मल, ट्रोपोनिन दोनदा, दोन्ही नॉर्मल. बीपी १४८/९४. बरगडीचं त्यांनीही तेच सांगितलं. शनिवारी कार्डिओलॉजिस्टकडे पाठवलंय, टीएमटी की सीटी अँजिओग्राफी ते तिथे ठरेल. सॅक हातात धरतोय, टोचणं थोडं कमी आहे. तिथे काय घेऊन जाऊ?

फिजिशियन_ठाणे
ईसीजीचा कागद मूळ प्रतीत, ट्रोपोनिनच्या वेळा, वडिलांच्या बायपासचं वय. आणि एका कागदावर लिहून न्या: मंगळवारी किती पायऱ्यांवर जड झालं, किती मिनिटांत गेलं, त्यानंतर पुन्हा झालं का. पायऱ्या आठवत नसतील तर अंदाजाने लिहा.