मदत हवी आहे: टीममधली चांगली मुलगी बाहेरची ऑफर घेऊन आलीये, काउंटर द्यावी का?

बिनपगारी_मॅनेजर: माझ्या टीममध्ये एकाच कामावर चौघं आहेत, त्यातली सगळ्यात भरवशाची मुलगी काल ऑफर लेटर घेऊन आली, म्हणाली इतकं द्या नाहीतर निघते. तिचा आत्ताचा पगार १०० धरला तर ऑफर १३० आहे. वरचे म्हणतायत मॅच कर आणि विषय संपव, पण मन घेत नाहीये. शुक्रवारपर्यंत उत्तर देतो म्हणालोय. काय करू?

उंटावरचा_शहाणा: देऊ नका हो, एकदा बाहेर बघायला लागलेला माणूस जातोच. आज थांबेल, सहा महिन्यांनी परत लेटर.

एचआरवाली: जातोच असं काही नाही, फक्त पगारासाठी निघालेला थांबतोही. पण कारण वेगळं असेल तर पैसे देऊन नुसती तारीख पुढे जाते. आधी १३० फोडून बघा. त्यात जॉइनिंग बोनस किती, व्हेरिएबल किती?

बिनपगारी_मॅनेजर: लेटर परत बघितलं, जॉइनिंग बोनस १०, व्हेरिएबल १२, फिक्स्ड १०८. इथे तिचं फिक्स्ड ९५ आणि व्हेरिएबल ५ आहे.

एचआरवाली: मग बघा, बोनस एकदाच मिळणार, पुढच्या वर्षी तो नाही. फिक्स्डला फिक्स्ड लावलं तर फरक १३ चा, म्हणजे साधारण १४ टक्के. तुमचे वरचे ३० टक्के द्यायला निघालेत. आणि बाकीचे तिघं कितीवर आहेत? तिला १३० दिले आणि ते ९५-१०० वर राहिले तर महिन्याभरात बातमी फुटते, मग तेही लेटर आणतील, कारण पगारवाढीचा रस्ता तुम्हीच दाखवलात.

शेवटचा_बाक: मी अशी काउंटर घेतली होती. पैसे वाढले पण पुढच्या अप्रेझलला म्हणाले तुझं तर आधीच झालंय 😀 तुम्ही माझ्या जागी असता तर बोनस रोख मागितला असता का?

एचआरवाली: बाक, तो वेगळा धागा होईल 😀 पण अप्रेझलचं खरंय, म्हणून देणार असाल तर पुढच्या वाढीचं काय ते आत्ताच लेखी द्या. आणि तिला पैशाचा आकडा सांगायच्या आधी विचारा, हा कॉल आलाच नसता तर इथलं काय बदलायला हवं होतं?

बिनपगारी_मॅनेजर: विचारलं आज. म्हणाली दोन वर्षं टीम लीडचं काम करतेय पण पद नाही. पगार दुसऱ्या नंबरवर होता.

उंटावरचा_शहाणा: मग पद द्या फुकटात, हाकानाका.

एचआरवाली: फुकटात नाही चालत, लीडच्या ग्रेडचा पगार द्यावाच लागतो, पण तो सांगता येतो, उद्या कोणी विचारलं तर काम वेगळं आहे म्हणता येतं. आणि बाकी तिघं बाजारापेक्षा खाली असतील तर त्यांचंही करेक्शन याच वेळी मागून घ्या. वरून नाही म्हणाले तर तिला सन्मानाने जाऊ द्या आणि नोटीस पिरियडमध्ये काम नीट उतरवून घ्या.

बिनपगारी_मॅनेजर: लीडची जागा मंजूर व्हायला पुढचं क्वार्टर उजाडेल म्हणतायत, आणि तिला सोमवारी तिकडे कळवायचंय. तोंडी शब्दावर थांब म्हणू का?

शेवटचा_बाक: तोंडी? मी असतो तर निघालो असतो.