मदत हवी आहे: ग्राहकाला १००० गेलेले दिसतात, विक्रेत्याला ७००च

आमच्या ऑनलाइन विक्रीचा हिशेब मी बघते. एका ग्राहकाने कार्डाने १०००ची ऑर्डर दिली. एक वस्तू संपली होती, म्हणून आम्ही ७००च वसूल केले. आमच्या स्क्रीनवर ७०० 'Captured' दिसतात, खात्यात मात्र शुल्क वजा होऊन त्याहून थोडे कमी जमा झाले. ग्राहकाच्या ॲपमध्ये अजून १००० 'Pending' आहेत आणि ते म्हणतात, "माझे ३०० परत करा."

मला समजतं ते असं: कार्ड मंजूर होताना त्यांच्या बँकेने १००० फक्त अडवून ठेवले, आमच्याकडे पाठवले नाहीत. म्हणजे ३०० आमच्याकडे आलेच नाहीत, मग परतावा कशाचा करणार? (आमच्या पॅनलवर परताव्याचं बटण ७००च्या वर जाऊच देत नाही, तेही बरोबरच.)

उरलेले ३०० आमच्या बाजूने लवकर मोकळे करता येतात का, की बँकेची मुदत संपायची वाटच बघायची? आणि ग्राहकाने बँकेला नेमका कोणता क्रमांक सांगावा: मंजुरीचा कोड की १२ अंकी RRN? आमचा ऑर्डर क्रमांक तिथे कुणालाच सापडत नाही.